सहीच्या रकान्यात आठच कार्डं: कॉलेज ऑफिससाठी कानबान बोर्ड

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात जून-जुलैत जा. खिडकीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "माझं स्टडी सर्टिफिकेट झालं का?" आतला माणूस ढीग उपसायला लागतो. अर्ज सापडायला दहा मिनिटं जातात आणि सापडल्यावर कळतं की तो अर्धवट झालेला आहे: मसुदा तयार आहे, पण रजिस्टरशी पडताळलेला नाही. असे अर्धवट झालेले अर्ज हेच ऑफिसचं खरं ओझं असतं. कानबान बोर्ड, म्हणजे कामाच्या टप्प्यांचे रकाने आखलेला आणि प्रत्येक अर्जाचं एक कार्ड लावलेला फळा, त्यांच्यासाठीच लावायचा.

पद्धत मुळात जपानची. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी सुटे भाग मागवण्यासाठी कार्डं वापरली. पुढच्या टेबलाला गरज लागल्याशिवाय मागच्या टेबलाने माल बनवायचा नाही, हा त्यामागचा नियम. पुढे डेव्हिड अँडरसन यांनी हीच रीत संगणक क्षेत्रातल्या कामाला लावली, आणि तिथून ती ऑफिसांमध्ये आली. बोर्ड लावणं सोपं आहे. अवघड आणि कामाचा भाग म्हणजे प्रत्येक रकान्यावर लिहिलेली मर्यादा, म्हणजेच वर्क इन प्रोग्रेस किंवा विप लिमिट. एका वेळी इथे इतकीच कार्डं, त्याहून जास्त नाहीत. मर्यादा नसेल तर बोर्ड म्हणजे भिंतीवर टांगलेला ढीग.

उदाहरणाला एक अनुदानित कॉलेज घेऊ. ऑफिसात एक सुपरिंटेंडेंट, एक एफडीए, दोन एसडीए आणि एक शिपाई. रोज साधारण १२ अर्ज येतात: स्टडी सर्टिफिकेट, टीसी, शिष्यवृत्तीची पडताळणी, मार्क्स कार्डातल्या नावाची दुरुस्ती, मायग्रेशनसाठी विद्यापीठाकडे पाठवायची पत्रं. आकडे माझे, समजावण्यापुरते. तुमचे तुम्ही मोजून घ्या.

आधी मोजा, मग बोर्ड लावा

पहिल्या दिवशी बोर्ड विकत आणू नका. इनवर्ड रजिस्टर उघडा आणि ज्या नंबरांसमोर आउटवर्ड नंबर पडलेला नाही असे सगळे नंबर मोजा. आपल्या उदाहरणात ते ८४ निघाले. मग मागच्या दोन आठवड्यांत रोज सरासरी किती कामं खरोखर पूर्ण होऊन बाहेर गेली ते काढा. तो आकडा १२. आता ८४ ला १२ ने भागा, ७ येतात. म्हणजे आज आलेला अर्ज सरासरी सात कामाच्या दिवसांनी हाती पडणार. या हिशेबाला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. येणारं आणि जाणारं काम बऱ्यापैकी सारखं असेल तेव्हाच तो खरा उतरतो, हे मात्र लक्षात ठेवा. ॲडमिशनच्या पहिल्या आठवड्यात हा हिशेब करू नका.

तिसरी मोजणी बहुतेक ठिकाणी राहून जाते: सहीला गेलेल्यांपैकी किती परत येतात? आपल्या ऑफिसातून रोज १५ कागद प्रिन्सिपॉलांकडे जातात आणि ३ परत येतात. नाव चुकलंय, वर्ष चुकलंय, फीची पावती जोडलेली नाही. म्हणूनच १५ जणांचं काम करून १२ जणांना मिळतं. हे तीन परतीचे कागद पुढे फार कामाला येणार आहेत.

रकाने आखणं

आपल्याकडे स्टिकी नोट घेऊ नका. पावसाळ्यात खानापूरच्या दमट हवेत त्या सुटतात आणि उरलेल्या पंख्याच्या वाऱ्याने उडतात. सॉफ्टबोर्ड आणि टाचण्या घ्या, किंवा पत्र्याचा पांढरा बोर्ड आणि चुंबकं. कार्ड म्हणजे पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद. त्यावर इनवर्ड नंबर, अर्ज आल्याची तारीख, विद्यार्थ्याचं नाव, कामाचा प्रकार, बस्स. मोबाईल नंबर, जात, उत्पन्न, आरडी नंबर यांतलं काहीही कार्डावर लिहायचं नाही, कारण बोर्ड खिडकीतून दिसतो. त्या गोष्टी फाईलमध्येच राहू द्या.

रकाने असे आखा:

| रकाना | मर्यादा |
|---|---|
| आलेले | नाही |
| तपासणी | ४ |
| तयार करणे | ६ |
| सहीसाठी | ८ |
| द्यायला तयार | नाही |
| दिले | नाही |
| बाहेर थांबलेले | १० |

"आलेले"ला मर्यादा का नाही? कारण आपण खिडकी बंद करू शकत नाही. विद्यार्थी आला की अर्ज घ्यायचा, इनवर्ड नंबर द्यायचा. पण अर्ज घेणं वेगळं आणि काम हातात घेणं वेगळं. मर्यादा हातात घेतलेल्या कामाला आहे.

"तपासणी" आणि "तयार करणे" या दोन्ही रकान्यांच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे "चालू", उजवीकडे "झाले". मर्यादा दोन्ही मिळून मोजायची. तपासणीत चार कार्डं आहेत, तीन झाली आणि एक चालू, तरी रकाना भरलेलाच. झालेलं कार्ड पुढच्याने ओढून नेईपर्यंत ते इथेच मोजलं जातं. आपण काम संपवून पुढे ढकलायचं नाही, पुढच्याने जागा झाली की ओढायचं. ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण "माझं झालं, आता तुमच्या टेबलावर" ही आपल्या ऑफिसांची जुनी रीत आहे.

प्रत्येक रकान्याच्या वर एक ओळ लिहा: इथून कार्ड पुढे कधी जाईल. तपासणीच्या वर लिहायचं, "नाव एसएसएलसी मार्क्स कार्डाप्रमाणे जुळलं, फी पावती आहे, वर्ष रजिस्टरशी जुळलं." सीमाभागात ही पहिली अट फार महत्त्वाची आहे. अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेला, रजिस्टर कन्नडमध्ये, आधार तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं. गावाच्या नावाचंही तसंच. बेळगावचं इंग्रजी नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं, त्यामुळे मोठ्या भावाच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरं असतं. पाहायचं कशाशी हे एकदा ठरवून टाकलं, म्हणजे एसएसएलसी मार्क्स कार्ड, की सहीवरून परत येणाऱ्या कागदांतले बरेचसे इथेच थांबतात.

सहीचा आकडा कसा काढला

नवखे लोक मर्यादेचे आकडे अंदाजाने टाकतात आणि दोन दिवसांत खोडतात. सहीच्या रकान्याचा आकडा अंदाजाने टाकायचा नसतो, तो सही किती वेळा होते यावरून काढायचा असतो.

प्रिन्सिपॉल दिवसातून एकदाच, चार वाजता सह्या करत असतील आणि रोज १५ कागद जाणार असतील, तर ८ ची मर्यादा ऑफिसचा गळा घोटेल. अकराला रकाना भरेल आणि चारपर्यंत सगळे हात बांधून बसतील. अशा वेळी मर्यादा किमान १५ हवी. पण सरांनी साडेअकराला आणि चारला अशा दोन वेळा दिल्या, तर दोनदा ८ म्हणजे १६ कागद सहज निघतात. म्हणून ८. आधी सरांशी वेळ ठरवायची, मग आकडा लिहायचा. उलटं करू नका.

माझं स्पष्ट मत असं आहे की, दोन वेळा सही मिळवणं हे अख्ख्या बोर्डापेक्षा जास्त मोलाचं आहे. बोर्ड नसताना ते मागायला कारण सापडत नाही. बोर्ड असला की सुपरिंटेंडेंट सरांना बोलावून नुसतं दाखवू शकतात.

बाकीचे आकडे माणसांवरून ठरतात. तपासणी एक एसडीए करते. एक कार्ड तिच्या हातात, दोन-तीन झालेली, म्हणून ४. तयार करायला दोघं आहेत, प्रत्येकाच्या हातात दोन आणि झालेली दोन, म्हणून ६.

रकाना भरला की काय करायचं

बोर्ड खरा आहे की देखावा, हे रकाना भरला त्या दिवशी कळतं. एक मंगळवार घेऊ. प्रिन्सिपॉल सकाळीच बैठकीसाठी बेळगावला गेले. साडेअकराची सही झाली नाही. सहीसाठी ८ पैकी ८. तयार करणेमध्ये ६, त्यातली ५ झालेली. तपासणीत ४, त्यातली ३ झालेली. एफडीए मोकळे झाले आणि सवयीने "आलेले"मधून नवं कार्ड उचलायला गेले.

"सर, जागा नाही," तपासणीवरच्या मॅडम म्हणाल्या.

"मग बसून राहू का?"

नाही, बसायचं नाही. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटून सुरुवात करून जे कार्ड पूर्ण व्हायच्या सगळ्यात जवळ आहे त्याला हात लावायचा. एफडीएंनी आधी "द्यायला तयार" पाहिलं. तिथे ९ दाखले पडून होते, विद्यार्थ्यांना कळवलेलंच नव्हतं. त्यांनी फोन केले, दुपारपर्यंत सहा जण घेऊन गेले. मग सहीची आठही कार्डं काढून फाईलशी पुन्हा पडताळली. एकात शैक्षणिक वर्ष चुकलेलं निघालं. ते संध्याकाळी सरांच्या टेबलावरून परत आलं असतं, दुपारीच दुरुस्त झालं.

मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. आठांपैकी पाच स्टडी सर्टिफिकेटं होती आणि तीन टीसी. टीसीला प्रिन्सिपॉलांचीच सही लागते. पण वर्गात शिकत असलेल्या मुलाच्या साध्या दाखल्यासाठी सगळं का अडावं? संस्थेच्या नियमांत बसत असेल तर प्रिन्सिपॉल लेखी आदेश काढून स्टडी सर्टिफिकेटची सही व्हाइस प्रिन्सिपॉलांकडे देऊ शकतात. तोंडी नको, लेखीच हवा, कारण पुढे बँक किंवा दुसरं कॉलेज सहीबद्दल विचारतं. आदेश निघाला की पुढच्या वेळी सर बाहेर असताना आठांतली पाच कार्डं अडणार नाहीत.

मर्यादा नसती तर त्या मंगळवारी एफडीएंनी आणखी पाच-सहा अर्ज उघडले असते, अर्धे करून ठेवले असते, आणि सहीची अडचण कोणाला दिसलीच नसती. रकाना भरतो तेव्हा तो अडचण कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. म्हणूनच भरलेला रकाना पाहून मर्यादा वाढवायची नाही. आकडा बदलायचा तर सुपरिंटेंडेंटनी, सगळ्यांसमोर, आणि किमान दोन आठवडे पाहून. एका वेळी एकाच रकान्याचा. पेनाने हळूच ८ चा ९ झाला की समजा बोर्ड संपला.

ढीग नक्की कधी ओसरतो

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. मर्यादा लावली म्हणून विद्यार्थ्याला दुसऱ्याच दिवसापासून लवकर दाखला मिळत नाही. आपले ८४ अर्ज कुठे गेले ते पाहा: तपासणी, तयार करणे, सही मिळून १८, बाहेर थांबलेले १०, उरलेले ५६ "आलेले"मध्ये. एकूण ८४ च. आतला प्रवास दीड दिवसाचा झाला (१८ भागिले १२), पण बाहेरची रांग तेवढीच लांब आहे. अर्ज आल्यापासून मोजाल तर अजून सात दिवसच.

फरक पडतो तो त्या परतीच्या तीन कागदांमुळे. तपासणीची अट पाळली गेली, रिकाम्या हातांनी पडताळणी केली, की परत येणं थांबायला लागतं. सहीला १५ गेले आणि १५ पुरे झाले, तर रोज १२ येतात आणि १५ जातात. रांग रोज ३ ने कमी होते. ५६ कार्डांना साधारण १९ कामाचे दिवस लागतात, म्हणजे तीन आठवड्यांच्या थोडं पुढे. हे सरांना आणि सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणणार, "बोर्ड लावून काय झालं?"

आणि परत येणाऱ्यांची संख्या कमी झालीच नाही तर? मग रोज १२ च जातात आणि ५६ ची रांग तशीच राहते. तेव्हा मर्यादेशी खेळू नका. परत आलेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे कारण लिहा आणि आठवड्याने सगळी कारणं एकत्र वाचा.

बाहेर थांबलेले

काही कार्डं आपल्या हातातच नसतात. निपाणी-चिकोडीकडची मुलं पुढच्या शिक्षणाला कोल्हापूरला जातात. त्यांना विद्यापीठ बदलायचं म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि ते राणी चन्नम्मा विद्यापीठातून यायचं असतं. शिष्यवृत्तीच्या पडताळणीत विद्यार्थ्याने नाडकचेरीतून काढलेल्या जात-उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर चुकीचा असतो, तो दुरुस्त करून आणायला तो गेलेला असतो. ही कार्डं तपासणीत पडून राहिली तर चारपैकी तीन जागा अडवतात आणि काम ठप्प होतं. म्हणून वेगळा रकाना.

पण हा रकाना अडगळीची खोली होऊ शकतो. नको ते कार्ड तिकडे टाकलं की मोकळे, असं व्हायला लागतं. म्हणून त्यालाही १० ची मर्यादा, आणि दोन नियम. पहिला: कार्डावर कोणाकडून काय यायचं आहे आणि पुन्हा कधी विचारायचं, ती तारीख लिहिल्याशिवाय ते इथे येणार नाही. दुसरा: कार्ड इथे असेपर्यंत रोज सकाळी त्यावर लाल पेनाने एक ठिपका द्यायचा. पाच ठिपके झाले की सकाळी बोर्डासमोर उभ्या उभ्या घ्यायच्या छोट्या बैठकीत त्या कार्डाचं नाव घ्यायचं. दहा भरले आणि अकरावं आलं तर नवं काही करायच्या आधी दहापैकी एकाचा पाठपुरावा करायचा. बहुतेक वेळा एक फोन पुरतो.

तातडीचं कार्ड

"उद्या इंटरव्ह्यू आहे, आजच टीसी द्या" हे येणारच. त्यासाठी बोर्डाच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी ठेवा. या पट्टीत एका वेळी एकच कार्ड. ते मर्यादा मोडून पुढे जातं, सगळे हातातलं ठेवून त्याला वाट देतात. दुसरं तातडीचं आलं तर पहिलं बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग ते संचालकांच्या ओळखीतल्या मुलाचं का असेना. तातडी कोण ठरवणार? फक्त सुपरिंटेंडेंट, आणि तेही विद्यार्थ्याकडे तारखेचा कागद असेल तरच. आठवड्याला दोनापेक्षा जास्त कार्डं या पट्टीतून जायला लागली तर तातडीचं खरं कारण बहुधा एकच असतं: साधी कामं उशिरा होतात म्हणून लोक तातडी मागतात.

शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात एक पडताळणी करा. इनवर्ड रजिस्टरमध्ये उघडे असलेले नंबर आणि बोर्डावरची न दिलेली कार्डं, दोन्ही मोजा. रजिस्टरमध्ये ४१ आणि बोर्डावर ३६ असतील तर पाच अर्ज कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहेत. रागवायचं नाही, शोधून कार्ड लिहायचं. शिष्यवृत्तीच्या हंगामात उलटी गडबड होते: एकाच कार्डावर "शिष्यवृत्ती पडताळणी, ५० अर्ज" लिहिलं जातं आणि ते एक कार्ड म्हणून मोजलं जातं. पन्नासाचं कार्ड मर्यादेची थट्टा आहे. दहा-दहाचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्याला स्वतंत्र कार्ड.

खिडकीवर किती दिवस सांगायचे

रांग ओसरल्यावर "दिले" रकान्यातली शेवटची २० कार्डं काढा. प्रत्येकावर अर्ज आल्यापासून दिल्यापर्यंतचे कामाचे दिवस लिहा आणि कमीकडून जास्तीकडे मांडा. समजा असे निघाले: तीन कार्डं १ दिवसाची, सहा २ दिवसांची, सहा ३ दिवसांची, दोन ४ दिवसांची, आणि मग ५, ७, ११. सरासरी येते ३.२. पण "तीन दिवसांत देतो" असं सांगाल तर वीसातल्या पाच जणांना खोटं सांगितल्यासारखं होईल. त्याऐवजी सतराव्या कार्डापर्यंत मोजा. तिथे ४ आहे. वीसातले सतरा, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी अर्ज चार दिवसांत पूर्ण झाले. खिडकीवर हेच लिहा: "बहुतेक दाखले चार कामाच्या दिवसांत मिळतात." दर महिन्याला पुन्हा मोजा आणि पाटी बदला.

उरलेली तीन कार्डं, ५, ७ आणि ११ दिवसांची, फेकू नका. ती टेबलावर मांडून ठिपके वाचा. अकरा दिवसांच्या कार्डावर आठ लाल ठिपके असतील तर ते बाहेर थांबलं होतं, आणि पाचव्या ठिपक्याला बैठकीत त्याचं नाव निघालं होतं का, हे विचारायचं. सात दिवसांच्या कार्डावर एकही ठिपका नसेल तर ते आपल्याच आत कुठेतरी अडलं होतं. मागे "सहीवरून परत" असं लिहिलेलं असेल, तर तपासणीच्या वरच्या त्या ओळीत काय घालायचं राहिलं, ते सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून ठरवायचं.